कर्तरी, कर्मणी की भावे? आधी प्रत्यय कोणाला लागलाय ते पाहा

प्रश्न : सर, मी बारावीला आहे, अमळनेर तालुक्यात राहते. प्रयोगाच्या तिन्ही व्याख्या पाठ आहेत, पण वाक्य समोर आले की गोंधळ होतो. 'गणूने बैल धुतला' हे कर्मणी आणि 'गणूने बैलाला धुतले' हे भावे, असे गाईडमध्ये आहे. काम तर एकच झाले, मग प्रयोग दोन कसे? आणि 'मी भाकरी खाल्ली' यात 'ने' कुठेच नाही, तरी ते कर्तरी का नाही?

उत्तर :

काम एकच झाले हे खरे. पोळ्याच्या सकाळी गणूने बैल पाण्यात नेला, घासला, धुतला. बैलाच्या दृष्टीने दोन्ही वाक्ये सारखीच. पण प्रयोग ठरवताना काय घडले ते आपण पाहतच नाही. क्रियापद कोणाचे ऐकते, एवढेच पाहायचे. कर्ता बदलला की क्रियापद बदलते का, कर्म बदलले की बदलते का, की कोणी काहीही केले तरी ते जागचे हलत नाही? क्रियापदाचा कासरा कोणाच्या हातात आहे ते शोधायचे, म्हणजे प्रयोग सापडतो.

तुझेच वाक्य घेऊ, पण आधी वर्तमानकाळात.

'गणू बैल धुतो.' धुणारा कोण? गणू. हा कर्ता. काय धुतो? बैल. हे कर्म. आता एका वेळी एकच शब्द बदलायचा. कर्ता बदल : 'गंगू बैल धुते.' 'मुले बैल धुतात.' 'तू बैल धुतोस.' प्रत्येक वेळी क्रियापद बदलले. आता कर्ता परत गणू ठेव आणि कर्म बदल : 'गणू गाय धुतो.' 'गणू वासरू धुतो.' क्रियापद ढिम्म. म्हणजे कासरा कर्त्याच्या हातात. हा कर्तरी प्रयोग.

आता भूतकाळ. 'गणूने बैल धुतला.' कर्ता बदल : 'गंगूने बैल धुतला.' 'मुलांनी बैल धुतला.' काही फरक नाही. कर्म बदल : 'गणूने गाय धुतली.' 'गणूने वासरू धुतले.' 'गणूने बैल धुतले', म्हणजे दोन्ही बैल. इथे क्रियापद कर्माच्या मागे मागे चालले आहे. हा कर्मणी प्रयोग.

आणि तिसरे. 'गणूने बैलाला धुतले.' कर्ता बदल : 'गंगूने बैलाला धुतले.' कर्म बदल : 'गणूने गाईला धुतले.' 'गणूने बैलांना धुतले.' कर्ता बदला, कर्म बदला, 'धुतले' तसेच. क्रियापद कोणाचेच ऐकत नाही. ते तृतीयपुरुषी, नपुंसकलिंगी, एकवचनी रूपात अडून बसले आहे. हा भावे प्रयोग.

आता ही तीन वाक्ये एकाखाली एक लिही आणि क्रियापदाकडे न पाहता फक्त नामांकडे बघ. पहिल्यात गणू मोकळा आहे, त्याला प्रत्यय नाही. दुसऱ्यात गणूला 'ने' लागला, बैल मोकळा राहिला. तिसऱ्यात गणूला 'ने' आणि बैलाला 'ला', दोघांनाही प्रत्यय. सगळी गंमत इथे आहे. मराठीत नामाला विभक्तीचा प्रत्यय लागला की ते नाम क्रियापदाला वळवू शकत नाही. कर्ता मोकळा असेल तर तो क्रियापद चालवतो, मग कर्माला प्रत्यय असो वा नसो. ('गणू बैलाला धुतो' हेही कर्तरीच.) कर्त्याला प्रत्यय लागला आणि कर्म मोकळे असेल तर कर्म चालवते. दोघेही अडकले, किंवा कर्ता अडकला आणि कर्म मुळात नाहीच, तर क्रियापदाला चालवणारे कोणी उरत नाही.

घरी अहिराणी बोलत असशील तर क्रियापद कर्त्याचे ऐकते म्हणजे काय, हे तुला वेगळे शिकवायला नको. भावाला आपण 'कथा चालना?' विचारतो आणि बहिणीला 'कथा चालनी?' ना-नी हा फरक करताना कोणी थांबून विचार करत नाही. परीक्षेत तेच जरा थांबून करायचे आहे.

भूतकाळातच कर्त्याला हा 'ने' का येतो, हा प्रश्न वर्गात एखादा तरी विचारतो. त्याचे मूळ संस्कृतात आहे. 'तेन ग्रन्थः लिखितः', म्हणजे त्याने ग्रंथ लिहिला. 'तेन पत्रिका लिखिता', त्याने पत्रिका लिहिली. 'तेन पत्रं लिखितम्', त्याने पत्र लिहिले. 'लिखित' हे तिथे ग्रंथाचे, पत्रिकेचे, पत्राचे विशेषण आहे, म्हणून ते त्यांच्याप्रमाणे बदलते. आपली भूतकाळाची रूपे याच धातुसाधित विशेषणांतून आली, आणि विशेषणाची ती सवय घेऊनच आली. याउलट अकर्मक धातूंचे 'सः गतः', 'सा गता' असे होते, म्हणून आपणही 'तो गेला', 'ती गेली' म्हणतो. तिथे 'ने' नाही, प्रयोग कर्तरी. म्हणून 'भूतकाळ आला की कर्मणी' असे पाठ करू नकोस. आधी क्रियापद सकर्मक आहे की अकर्मक ते पाहावे लागते.

आता 'मी भाकरी खाल्ली'. तुझी शंका रास्त आहे, कारण डोळ्यांना प्रत्यय दिसत नाही. पण तू म्हणालीस तरी 'मी भाकरी खाल्ली', तुझा भाऊ म्हणाला तरी 'मी भाकरी खाल्ली'. कर्ता मुलगी की मुलगा, याने क्रियापदाला काहीच फरक पडला नाही. भाकरीच्या जागी लाडू ठेव : 'मी लाडू खाल्ला.' लगेच बदलले. म्हणजे कर्मणी. मग 'ने' गेला कुठे? मी, आम्ही, तू, तुम्ही या चार सर्वनामांची तृतीयेची रूपे प्रथमेसारखीच दिसतात. प्रत्यय असतो, पण झाकलेला. तो उघडा करायचा तर या सर्वनामाच्या जागी एखादे नाव ठेवून बघ. 'मी भाकरी खाल्ली' याचे 'गंगूने भाकरी खाल्ली' होते, 'ने' बाहेर आला. 'मी शाळेत गेले' याचे 'गंगू शाळेत गेली' होते, 'ने' आला नाही. पहिले कर्मणी, दुसरे कर्तरी. चारही सर्वनामांना ही युक्ती चालते.

उत्तरपत्रिकांत सर्वांत जास्त गुण जातात ते 'ले' या अक्षरापायी. भावे प्रयोगात क्रियापद 'ले'वर संपते हे मुलांच्या डोक्यात बसलेले असते, आणि 'ले' दिसला की ती डोळे झाकून भावे लिहितात. 'गणूने पुस्तक वाचले' हे भावे नाही. पुस्तक नपुंसकलिंगी आहे म्हणून 'वाचले' झाले. कविता ठेवली की 'वाचली', धडा ठेवला की 'वाचला'. सरळ कर्मणी. 'गणूने बैल धुतले' यातला 'ले' पुल्लिंगी अनेकवचनाचा आहे, तेही कर्मणी. आणि 'मी शाळेत गेले' यातला 'ले' तर बोलणाऱ्या मुलीचा आहे. आपल्या भागात मुली सर्रास 'मी आली', 'मी गेली' म्हणतात, त्यामुळे पेपरात 'मी गेले' वाचले की ते कुठलेसे परके रूप वाटते आणि हात भावेकडे वळतो. पण 'तो गेला, ती गेली, मी गेले', कर्त्याबरोबर क्रियापद बदलते आहे. कर्तरी.

इथे कानाची मदत घे. छापताना आपण तिन्ही ठिकाणी 'ले' लिहितो, पण बोलताना फरक करतो. नपुंसकलिंगी एकवचन बोलताना 'लं' होते : पुस्तक वाचलं, वासरू धुतलं, बैलाला धुतलं. पुल्लिंगी अनेकवचन 'ले'च राहते : दोन बैल धुतले. 'मी शाळेत गेले' यालाही कोणी 'मी शाळेत गेलं' म्हणत नाही. तेव्हा वाक्य मनातल्या मनात बोलून बघ. 'लं' करता येत नसेल तर ते भावे नाहीच, तिथे विषय संपला. 'लं' होत असेल तर अजून दोन शक्यता उरतात : नपुंसकलिंगी कर्म असलेले कर्मणी, किंवा भावे. त्यांतले कोणते, ते कर्म बदलून ठरव.

दुसरा सापळा 'ला'चा. 'आईने मुलाला भाकरी दिली.' कर्त्याला 'ने' आहे, 'मुलाला' समोर दिसते आहे, म्हणून भावे लिहून मोकळे होतात. पण या वाक्यात कर्मे दोन आहेत. दिले काय? भाकरी. कोणाला? मुलाला. भाकरी हे प्रत्यक्ष कर्म, मुलगा हे अप्रत्यक्ष कर्म. भाकरीला प्रत्यय नाही आणि क्रियापद तीच चालवते आहे : 'आईने मुलाला लाडू दिला', 'आईने मुलाला केळे दिले'. कर्मणी. म्हणून 'ला' दिसल्यावर लगेच थांबू नये, वाक्यात आणखी एखादे मोकळे नाम लपलेले नाही ना ते पाहावे. 'बाईंनी मुलांना कविता शिकवली' कर्मणी आहे. त्यातली कविता काढून टाकली की 'बाईंनी मुलांना शिकवले' उरते, आणि आता मोकळे कोणीच नाही, म्हणून भावे. एक शब्द गेला आणि प्रयोग बदलला.

हे समजले की तुझ्या मूळ प्रश्नाचा राहिलेला भागही सुटतो : 'बैल धुतला' आणि 'बैलाला धुतले' अशी निवड भाषेत आहे तरी कशाला? मराठीत माणूस कर्म असेल तर त्याला सहसा 'ला' लागतो. 'मालकाने मजूर बोलावला' हे चालते, पण त्यात कोणीतरी एक मजूर असा अर्थ येतो. ठरावीक माणूस असेल तर 'मजुराला बोलावले'. नाव घेतले तर पर्यायच नाही, 'मालकाने गणूला बोलावले' असेच म्हणावे लागते. निर्जीव वस्तूला बहुतेक वेळा 'ला' लागत नाही. रावेर-यावलकडे केळीची कापणी चालू असते तेव्हा 'मजुराने घड कापला', 'मजुराने फणी कापली' असेच ऐकू येईल, 'घडाला कापले' कोणी म्हणणार नाही. जनावरे या दोन्हींच्या मधे. बैल धुतला म्हटले तरी चालते आणि बैलाला धुतले म्हटले तरी चालते. दुसऱ्यात बैलाविषयी जरा जिव्हाळा असतो, तो घरातल्या माणसांत धरला जातो. म्हणून तुझ्या गाईडने नेमका बैलच घेतला असावा, कारण दोन्ही प्रयोग शेजारी शेजारी मांडायला त्याच्याइतके सोयीचे कर्म नाही.

भूतकाळाबाहेरही 'ने' येतो, हे मुले विसरतात. विध्यर्थात, म्हणजे 'आवे' असलेल्या रूपांत बघ. 'गणूने बैल धुवावा, गाय धुवावी, वासरू धुवावे' हे कर्मणी. 'गणूने बैलाला धुवावे' भावे. आणि भूतकाळात जे अकर्मक क्रियापद 'ने' घेत नव्हते तेसुद्धा इथे 'ने' घेते : 'मजुरांनी आता घरी जावे.' 'मुलांनी लवकर निजावे.' कर्ता अडकला, कर्म नाही, म्हणून भावे. परीक्षेतल्या भावे प्रयोगाच्या वाक्यांत हा साचा वारंवार दिसतो, तो ओळखीचा करून ठेव.

क्षमता सांगणाऱ्या वाक्यांत कर्त्याला 'ने'ऐवजी 'ला' लागतो. 'आजोबांना आता चालवत नाही.' 'आजीला एवढा जिना चढवतो.' पहिल्यात कर्म नाही, भावे. दुसऱ्यात जिना मोकळा आहे, टेकडी ठेवली तर 'चढवते', म्हणून कर्मणी. नियम तोच, फक्त प्रत्यय दुसरा. मात्र 'मला चंद्र दिसतो', 'तिला भरीत आवडते' यांत घसरू नकोस. शालेय व्याकरणात इथे दिसणारा चंद्र आणि आवडणारे भरीत हेच कर्ते मानतात. भरिताच्या जागी भाजी ठेवली तरी कर्ताच बदलला, म्हणून ही कर्तरी वाक्ये.

काही वाक्यांत करणारा असा कोणी नसतोच. 'पाटणादेवीला पोहोचेपर्यंत सांजावले.' सांजावणारा कोण? कोणीच नाही. 'उजाडले', 'गडगडते', 'मला मळमळते' ही त्याच जातीची. यांनाही भावे म्हणतात, अकर्तृक भावे.

अपवादांची यादी लांब नाही, पण ती तोंडपाठ हवी. काही धातूंना कर्म येते आणि तरीही भूतकाळात त्यांचा कर्ता 'ने' घेत नाही. 'तो छत्री विसरला.' छत्री स्त्रीलिंगी असूनही आपण 'विसरली' म्हणत नाही. 'ती पोहणे शिकली.' 'तो खरे बोलला.' विसरणे, शिकणे, बोलणे अशा धातूंच्या वाक्यांत कर्ता बदलून बघितला की क्रियापद हलते आणि प्रयोग कर्तरी ठरतो. 'म्हणणे' तर दोन्हीकडे असते. 'गणू म्हणाला, मी येतो' हे कर्तरी आणि 'गणूने कविता म्हटली' हे कर्मणी. 'भूतकाळ अधिक सकर्मक म्हणजे कर्मणी' असे सूत्र वहीत लिहिलेली मुले नेमकी इथे चुकतात. म्हणून सूत्र कितीही पाठ असले तरी शब्द बदलून बघण्याची सवय सोडू नये.

'तू भाकरी खाल्लीस' या वाक्यात 'खाल्ली' भाकरीमुळे आणि शेवटचा 'स' 'तू'मुळे. क्रियापद दोघांचेही थोडे थोडे ऐकते. याला संकर प्रयोग म्हणतात. बारावीच्या पातळीवर कर्तरी, कर्मणी, भावे हे तीन पक्के असले की पुरे. पुढे स्पर्धा परीक्षा देणार असशील तेव्हा संकराचे प्रकार वेगळे बघ. 'मजुराकडून घड कापला जातो' अशी 'कडून'ची वाक्ये नवीन कर्मणी म्हणून शिकवतात. तिथेही 'फणी कापली जाते' असे करून कर्म क्रियापदाला चालवते आहे याची खात्री होते.

कारण लिहायला सांगितले तर व्याख्या उतरवू नकोस, वाक्यातलेच शब्द वापर. 'क्रियापद बैल या कर्माच्या लिंगवचनाप्रमाणे बदलते, म्हणून कर्मणी' एवढे पुरते. भावे असेल तर कर्ता आणि कर्म दोन्हींचा उल्लेख कर, नाहीतर कारण अर्धवट राहते.

आता सरावाला कापसाच्या शेतातली चार वाक्ये देतो. उत्तर वाचण्याआधी हाताने सोडव.

'बायका पहाटेच वेचणीला गेल्या.' कर्ता मोकळा, 'बाई गेली' केले की क्रियापद बदलते. कर्तरी. 'बायकांनी दुपारपर्यंत सगळा कापूस वेचला.' बायकांना 'नी', कापूस मोकळा. कर्मणी.

उरलेली दोन शेजारी ठेवून वाच : 'मुकादमाने बायकांना हाकलले.' 'मुकादमाने बायकांना हाक मारली.' दिसायला जुळी. दोन्हींत 'ने', दोन्हींत 'ना'. पहिल्यात मुकादमाच्या जागी मालकीण आण, बायकांच्या जागी पोराला आण, 'हाकलले' हलत नाही, म्हणून भावे. दुसऱ्यात मात्र 'हाक' हे एक मोकळे नाम आहे आणि 'मारली' तिच्यामुळे झाले. हाकेच्या जागी 'टोमणा' ठेव, 'मुकादमाने बायकांना टोमणा मारला'. कर्मणी. इथे 'हाक मारली' हे अख्खे एकच क्रियापद समजून पुष्कळ मुले भावे लिहितात. मिठी मारणे, उडी घेणे, शपथ देणे, हाक मारणे असे नाम आणि क्रियापद जोडीने आले की आधी ते नाम वेगळे काढ आणि त्याला प्रत्यय लागलाय का ते बघ.